विश्लेषण : पुस्तकावर वयोगट '९ ते १२', वाचन मात्र पहिलीचे, मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

कारखान्यांचा पट्टा पडला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत माणसे परतू लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा कर्नाटकाकडे गेलेल्या ऊसतोड टोळ्या साधारण मार्च-एप्रिलमध्ये गावी येतात. त्यांच्यासोबत गेलेली मुलेही येतात आणि शाळेत आपल्या वर्गात जाऊन बसतात. वर्ग पाचवीचा असतो, मूल दहा-अकरा वर्षांचे असते. शाळेच्या वाचनपेटीतून त्याला पुस्तक दिले जाते, तेही पाचवीच्या वयाला साजेसे. दोन ओळींनंतर ते मिटले जाते. 'याला वाचायची गोडीच नाही' असा शेरा मिळतो. प्रत्यक्षात गोडीची परीक्षा झालेलीच नसते, कारण पुस्तक वयाकडे बघून दिलेले असते, वाचनाकडे बघून नव्हे.

वय आणि वाचन यांत अंतर का पडते?

वाचन वयाबरोबर आपोआप वाढत नाही, ते सरावाने वाढते. गळीत हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. आजी-आजोबांकडे राहून हंगामी वसतिगृहाचा लाभ घेणारी मुले गावातच शिकत राहतात. आईवडिलांसोबत कोपीवर गेलेल्या मुलाचा मात्र जवळजवळ अर्धा शैक्षणिक काळ शाळेबाहेर जातो. सलग तीन हंगाम असे गेले तर पाचवीत पोहोचेपर्यंत त्याची दीड वर्षाची शाळा बुडालेली असते.

वर्ग मात्र थांबत नाही. नाव पटावर असते, म्हणून मूल पुढच्या वर्गात जाते. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलालाही शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ४ नुसार वयानुरूप वर्गातच प्रवेश मिळतो. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांत बसवणे अपमानास्पद ठरते, हे लक्षात घेता तरतूद योग्यच आहे. राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही हेच कलम देते. पण याचा अर्थ असा की मुलाची इयत्ता आपल्याला त्याचे वय सांगते, तो काय वाचू शकतो हे सांगत नाही.

आणि हे केवळ बीडचे दुखणे नाही. 'असर' २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये पाचवीच्या सुमारे ४५ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीसाठी म्हणून छापलेले पुस्तक उरलेल्यांच्या हाती गेले तर काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

मुलाची वाचनपातळी कशी ओळखायची?

त्यासाठी मोठी परीक्षा लागत नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाची चाचणी पाच-सात मिनिटांत होते आणि कोणताही शिक्षक किंवा पालक ती घेऊ शकतो. तिच्यात चार पायऱ्या असतात : अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. परिच्छेद म्हणजे पहिलीच्या पातळीची चार सोपी वाक्ये. गोष्ट म्हणजे दुसरीच्या पातळीचा सात ते दहा वाक्यांचा मजकूर.

सुरुवात परिच्छेदापासून करायची. मुलाने तो वाक्य म्हणून वाचला, शब्दाशब्दाला अडकले नाही आणि चुका तीनपेक्षा जास्त झाल्या नाहीत, तर पुढे गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही तर शब्दांकडे यायचे. कोणत्याही पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर मूल शब्दपातळीवर आहे असे मानतात. तेही नाही जमले तर हीच रीत अक्षरांना लावायची. मूल जी सर्वात वरची पायरी आरामात वाचते, ती त्याची पातळी. मजकूर मात्र त्याने आधी न पाहिलेला हवा. पाठ्यपुस्तकातला धडा दिला तर अनेक मुले तो पाठ म्हणून दाखवतात. शंका आली की वाक्यातल्या मधल्याच शब्दावर बोट ठेवून 'हा कोणता?' असे विचारावे. पाठ करणारे मूल तिथे थांबते किंवा वाक्य पहिल्यापासून म्हणू लागते.

चुका मोजताना एक गफलत हमखास होते. 'पाणी' हा शब्द मुलाने 'पानी' असा वाचला, तर ती चूक धरायची का? त्याच्या घरात तसेच बोलत असतील तर नाही. त्याने शब्द ओळखला आहे, फक्त आपल्या बोलीत उच्चारला आहे. 'पाणी'ऐवजी 'पान' वाचले तर मात्र चूक, कारण तिथे वेलांटी सुटली आणि अर्थही बदलला. बोलीला चूक ठरवली की मुलाची पातळी उगाचच एक पायरी खाली दिसते.

पुस्तकाची पातळी कशावर ठरते?

इंग्रजीत यासाठी सूत्रे आहेत. वाक्यात सरासरी किती शब्द, शब्दात किती उच्चारघटक यांचा हिशेब करून पुस्तक कोणत्या इयत्तेचे हे सांगितले जाते. मराठीला ही सूत्रे जशीच्या तशी लावता येत नाहीत. 'खेळायला' हा शब्द चार अक्षरांचा असला तरी सहा वर्षांच्या मुलाला सोपा, कारण तो रोज कानावर पडतो आणि प्रत्येक अक्षर सुटे आहे. 'दृष्टी' दोनच अक्षरांचा, पण त्यात ऋकार आहे, जोडाक्षर आहे आणि शब्दही रोजच्या बोलण्यातला नाही. देवनागरीत मुलाला आधी 'घर', 'नळ', 'मगर' असे बिनकान्याचे शब्द जमतात, मग काना, वेलांट्या, उकार, मात्रा आणि शेवटी जोडाक्षरे व रफार. भारतीय लिप्यांत हा अक्षरांचा पसारा पूर्ण हाताशी यायला चौथी-पाचवी उजाडते, असे कन्नड मुलांवर झालेल्या संशोधनात दिसले आहे. कन्नडची अक्षररचना मराठीसारखीच असल्याने ते आपल्यालाही लागू पडावे.

आता एकाच प्रसंगाची दोन रूपे पाहू. पहिले असे : 'उसात आवाज झाला. बापूने कोयता खाली ठेवला. समोर बिबट्या बसला होता. बापू हलला नाही. बिबट्याही हलला नाही.' आणि दुसरे असे : 'उसाच्या फडातून अनपेक्षितपणे आलेल्या आवाजाने दचकलेल्या बापूच्या हातातला कोयता क्षणार्धात गळून पडला.'

पहिल्यात १७ शब्द आहेत, दुसऱ्यात १२. शब्दसंख्या पाहिली तर दुसरे सोपे ठरायला हवे. पण पहिल्यात जोडाक्षर एकच, 'ट्या', आणि ते ज्या शब्दात आहे तो 'बिबट्या' ऊसतोड कुटुंबातल्या मुलाला शिकवावा लागत नाही. प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट घडते. दुसऱ्यात जोडाक्षरांची रांग आहे. त्याहून अवघड म्हणजे त्याची रचना. आवाज कसा, दचकले कोण, हात कोणाचा, हे सगळे मनात धरून ठेवत मुलाला शेवटच्या 'पडला'पर्यंत जावे लागते. हळू वाचणारे मूल तिथे पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते.

'प्रथम बुक्स'च्या पुस्तकांवर आणि त्यांच्या स्टोरीवीव्हर या मोफत डिजिटल संग्रहात चार पातळ्या दिलेल्या असतात. पहिली पातळी नुकतेच वाचू लागलेल्यांची. त्यात सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द असतात आणि मजकूर २५० शब्दांच्या आत असतो. दुसरी पातळी ओळखीचे शब्द वाचणाऱ्या आणि नव्या शब्दाला मदत लागणाऱ्या मुलांसाठी, साधारण ६०० शब्दांपर्यंत. तिसरी स्वतःहून वाचू शकणाऱ्यांसाठी, १५०० शब्दांपर्यंत, आणि चौथी सराईत वाचकांची. मोबाइलवर storyweaver.org.in उघडून भाषा मराठी निवडली की पातळीनुसार पुस्तके चाळता येतात.

ही विभागणी उपयोगाची आहे, पण डोळे मिटून मानण्यासारखी नाही. संग्रहातली अनेक पुस्तके भाषांतरित आहेत. मूळ भाषेत सुटसुटीत असलेले वाक्य मराठीत येताना जोडाक्षरे आणि लांब प्रत्यय घेऊन येऊ शकते. शिवाय शहरातल्या लिफ्टची किंवा समुद्रकिनाऱ्याची पहिल्या पातळीची गोष्ट कोपीवर राहणाऱ्या मुलाला दुसऱ्या पातळीइतकी जड जाऊ शकते. उलट 'मोळी', 'वाढं', 'मुकादम' हे शब्द त्याला सहज वाचता येतील आणि पुण्यातले मूल तिथे अडखळेल. म्हणून पातळी पुस्तकावर छापलेली असली तरी खात्री मुलाकडूनच करून घ्यावी लागते.

पुस्तक आणि मूल यांची जोडी कशी जुळवायची?

उदाहरणादाखल पाचवीतली एक मुलगी घेऊ. वय दहा, दोन हंगाम आईवडिलांसोबत फडावर गेलेली. चाचणीत तिने परिच्छेद दोन चुकांसह, पण सलग वाचला. गोष्ट मात्र शब्द तोडत वाचली आणि मध्येच सोडली. म्हणजे ती परिच्छेदाच्या, अर्थात पहिलीच्या पातळीवर आहे.

तिच्यापुढे तीन पुस्तके ठेवली. पहिल्यावर 'वयोगट ९ ते १२' असे छापले होते. त्यातला १०० शब्दांचा उतारा तिने मोठ्याने वाचला तेव्हा १४ शब्द चुकले किंवा सुटले, म्हणजे ८६ टक्के बरोबर आले. दुसरे पुस्तक दुसऱ्या पातळीचे होते. त्यातल्या ६० शब्दांत तीन चुका झाल्या, म्हणजे ९५ टक्के बरोबर. तिसरे पहिल्या पातळीचे, ४० शब्द, एकही चूक नाही.

या आकड्यांचा अर्थ लावायला अमेरिकी अभ्यासक एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये मांडलेले मोजमाप आजही वापरले जाते. शंभरातले ९९ शब्द बरोबर आले तर पुस्तक मूल एकटे वाचू शकते. ९५च्या आसपास आले तर कोणीतरी शेजारी बसले पाहिजे. ९०च्या खाली गेले तर ते पुस्तक मुलाला थकवते. ८६ टक्के ऐकायला चांगले गुण वाटतात, पण प्रत्यक्षात दर सातव्या शब्दाला ठेच लागते. मोठ्या माणसाने न येणाऱ्या भाषेतला सरकारी अर्ज वाचून पाहावा, म्हणजे अंदाज येईल. हे मोजमाप इंग्रजीवरून आलेले आहे. मराठीत 'बापूच्या'ऐवजी 'बापूने' वाचले तरी अख्खा शब्द चुकला असे मोजले जाते, त्यामुळे एक-दोन टक्क्यांवरून निकाल देऊ नये. ९१ आणि ९२ यांत काही नाही, ८६ आणि ९५ यांत आहे.

घरी मोजदाद नको असेल तर बोटांची रीत पुरते. मधले एखादे पान उघडावे, न आलेल्या प्रत्येक शब्दाला मुलाने एक बोट उचलावे. पान संपायच्या आत पाच बोटे झाली तर ते पुस्तक आत्ता नको. मात्र ही रीत शंभरेक शब्दांच्या पानासाठी आहे. चित्रांच्या पुस्तकात पानावर वीसच शब्द असतील तर चार-पाच पाने मिळून मोजावे.

शब्द बरोबर आले म्हणजे काम झाले असेही नाही. देवनागरी उच्चारानुसार लिहिली जाते, त्यामुळे एकदा अक्षरे आली की न समजताही खडाखडा वाचता येते. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत. एक मजकुरात उत्तर असलेला, 'बापूने काय खाली ठेवले?' दुसरा विचार करायला लावणारा, 'तो हलला का नाही?' पहिल्याचे उत्तर आले आणि दुसऱ्याचे नाही, तर त्या पुस्तकावर गप्पा मारायला हव्यात. दोन्हींची नाही आली तर ९९ टक्के शुद्ध वाचनालाही अर्थ नाही.

या हिशेबाने तिसरे पुस्तक त्या मुलीला अगदी योग्य ठरते. आणि नेमकी इथेच गाडी अडते. पुस्तकात बदकाचे पिल्लू आंघोळ करते. मुलगी ते वाचते, मिटते आणि वर्गमैत्रिणींनी पाहू नये म्हणून दप्तराखाली सरकवते. फडावर धाकट्या भावाला सांभाळणारी, चुलीवर भाकरी टाकणारी ही मुलगी आहे. तिचे वाचन सहा वर्षांच्या मुलाचे असले तरी मन दहा वर्षांचेच आहे. पातळी मोजणारे अनेक उपक्रम हा भाग विसरतात.

पुस्तकाला दोन वये असू शकतात का?

असू शकतात, आणि काही ठिकाणी ती अधिकृतपणे दिली जातात. स्कॉटलंडमधली बॅरिंग्टन स्टोक ही प्रकाशनसंस्था अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी अशी पुस्तके काढते. त्यांत विषय कोणत्या वयाला आवडेल आणि वाचायला कोणत्या वयाची क्षमता लागेल, ही दोन वेगळी वये सांगितलेली असतात. गोष्ट बारा वर्षांच्या मुलाची असते, वाक्ये आठ वर्षांच्या मुलाला पेलतील अशी. पुस्तक बारीक असते, पण चेहरामोहरा मोठ्यांच्या कादंबरीचा असतो, म्हणजे चारचौघांत काढायला लाज वाटत नाही.

मराठीत असे दुहेरी लेबल रुळलेले नाही. पुस्तकावर बहुधा एकच वयोगट असतो, किंवा 'बालगट', 'कुमारगट' अशी विभागणी असते. माधुरी पुरंदरे यांचे 'वाचू आनंदे' हे त्याचे परिचित उदाहरण. ज्या घरात वय आणि वाचन हातात हात घालून चालते, तिथे ही विभागणी छान काम करते. बीडच्या त्या वर्गात करत नाही. तिथे शिक्षकालाच दुसरे वय लिहावे लागेल. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर पेन्सिलीने दोन खुणा पुरतात : वाचायला सोपे की अवघड यासाठी एक ते चार ठिपके, आणि विषय लहानांचा की मोठ्यांचा यासाठी 'ल' किंवा 'मो'. 'एक ठिपका, मो' अशी पुस्तके वाचनपेटीत फार थोडी निघतील. निघतील ती बहुधा प्राणी, यंत्रे, खेळ, विज्ञानाचे प्रयोग यांवरची माहितीपर पुस्तके असतील. माहितीचे पुस्तक वाक्ये सोपी ठेवूनही बाळबोध वाटत नाही, हा त्याचा मोठा गुण.

ही पुस्तके कमी पडली तर मुलांच्या तोंडून गोष्ट घेऊन ती लिहून काढणे हा दुसरा मार्ग. मुलाने फडावरचा प्रसंग सांगायचा, शिक्षकाने त्याच्याच शब्दांत आठ-दहा वाक्ये लिहायची आणि तीच त्याला वाचायला द्यायची. शब्द ओळखीचे, विषय त्याच्या वयाचा, वाक्ये त्याच्याच दमाची. वर बिबट्याचा जो सोपा नमुना दिला आहे, तो याच घाटणीचा.

मग 'फास्टर फेणे' कधी वाचायचा?

आत्ताच, पण ऐकून. मुलाला जेवढे वाचून समजते त्यापेक्षा ऐकून खूप जास्त समजते, निदान प्राथमिक शाळेच्या वर्षांत तरी. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे पाचवीच्या मुलाला हवाहवासा वाटणारच. ज्याला तो वाचता येत नाही त्याला रोज दहा-पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवता येतो. बालभारतीचे 'किशोर' मासिकही असेच वापरता येते. म्हणजे एका मुलासाठी एका वेळी दोन पुस्तके : एक स्वतः वाचायचे, ९५ टक्क्यांच्या पुढचे, आणि एक ऐकायचे, त्याच्या खऱ्या वयाचे. ऐकण्यातून नवे शब्द कानावर पडतात, आणि कानाला ओळखीचा झालेला शब्द पुढे छापलेला दिसला की लवकर उलगडतो. सोप्या पुस्तकांवरच ठेवलेल्या मुलाचे वाचन सुधारते, पण शब्दसंपत्ती तिथेच राहते.

पातळी किती दिवस टिकते?

फार दिवस नाही, आणि टिकूही नये. परिच्छेदावर असलेले मूल रोज वाचू लागले तर त्याला सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे. 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, वाचणे अपेक्षित आहे. वेग मोजायचा असेल तर घड्याळ लावून एक मिनिट वाचायला सांगावे आणि बरोबर वाचलेले शब्द मोजावेत. त्याची शर्यत मात्र करू नये. शर्यतीत मुले शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकतात, 'कोयता'चा 'कोंबडा' होतो.

ऊसतोड मुलांच्या बाबतीत तपासणीच्या दोन वेळा ठरलेल्याच आहेत : टोळी निघण्याआधी आणि परत आल्यावर. निघताना नोंदलेली पातळी आणि आणखी एक मोजमाप, म्हणजे कोणते पुस्तक ९५ टक्क्यांनी वाचले, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून मुलासोबत दिले, तर कारखान्याजवळच्या शाळेत ते गेले तरी तिथल्या शिक्षकाला पुन्हा शून्यापासून अंदाज बांधावा लागत नाही. स्थलांतरित मुलांना दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी पत्रकासोबत ही ओळ जोडता येते. मार्चमध्ये मूल परतले की आधी तेच पुस्तक पुन्हा वाचायला द्यावे. ऑक्टोबरमध्ये तीन चुका होत्या आणि आता नऊ झाल्या, तर लगेच नवे पुस्तक देऊ नये. एक ठिपका खाली येऊन दोन-तीन आठवडे तिथे काढावेत. गेलेले वाचन साधारणपणे पहिल्यांदा शिकण्यापेक्षा लवकर परत येते, आणि जूनमध्ये सहावीचे पुस्तक हाती येईपर्यंत मध्ये एवढाच वेळ असतो.